रेषेला एक माप, रंगाला दुसरे

पोस्टरची फाइल घेऊन छापखान्यात गेले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: फाइल तीनशेची आहे ना? हा प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे, आणि त्याचे अपुरेपण सगळ्यात जास्त उघडे पडते ते ठाम काळ्या रेषांच्या चित्रात. ज्याला आपण शैलीदार चित्र म्हणतो त्यात बहुधा दोनच गोष्टी असतात: आकारांना बांधणारी गडद रेषा आणि तिच्या आत भरलेले सपाट किंवा हलके उतरत जाणारे रंग. असे चित्र पडद्यासाठी काढलेले असते, समजा १५३६ बाय २०४८ पिक्सेलचे, आणि ते १८ बाय २४ इंचांच्या पोस्टरवर न्यायचे असते. तेवढ्या कागदावर एका इंचाला जेमतेम ८५ पिक्सेल येतात. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतो, सॉफ्टवेअरमध्ये मोठे करून तीनशेवर न्या. कोणी म्हणतो, पोस्टर लांबून बघतात, आहे तसेच छापा. तिसरा म्हणतो, सगळे ट्रेस करून व्हेक्टर करा. तिन्ही सल्ल्यांत थोडे थोडे खरे आहे. पण तिघेही चित्राला एकच वस्तू समजतात, आणि रेषा मऊ पडते ती बहुतेक वेळा याच समजुतीमुळे. रेषेची गरज आणि रंगाची गरज वेगळी आहे. दोघांना वेगळे करून वेगळे रिझोल्यूशन दिले, तर ‘किती पिक्सेल हवेत’ या प्रश्नाचे उत्तर बरेच सोपे होते.

तीनशेचा आकडा कुठून आला ते आधी पाहू. ऑफसेट छपाईत शाई फिकी करता येत नाही. ती कागदावर पडते किंवा पडत नाही. म्हणून फिका रंग दाखवण्यासाठी लहानमोठ्या ठिपक्यांची जाळी वापरतात. चांगल्या कागदावर ही जाळी साधारणपणे इंचाला १५० ओळींची असते. एक ठिपका नीट ठरवायला प्रत्येक दिशेला दीड ते दोन पिक्सेल पुरतात, असा जुना व्यवहार आहे. १५० ची दुप्पट म्हणजे ३००. थोडक्यात, तीनशे हे ठिपक्यांतून उमटणाऱ्या छटांचे माप आहे. पूर्ण काळ्या रेषेत ठिपके नसतातच, ती सलग शाई असते. तिची कड प्लेटवर किती बारकाईने कोरली जाते हे प्लेट बनवणाऱ्या यंत्रावर अवलंबून असते, आणि ते यंत्र इंचाला २४०० च्या आसपास बिंदू मांडते. म्हणूनच निव्वळ काळ्या-पांढऱ्या रेषाचित्रासाठी इंचाला १२०० पिक्सेल हा छपाईचा जुना संकेत आहे. जपानी चित्रकथांच्या व्यवहारातही हाच भेद दिसतो: रंगीत पानासाठी ३५० आणि काळ्या रेषेच्या पानासाठी ६०० किंवा १२००. म्हणजे दोन आकडे पहिल्यापासून होतेच. रंग आणि रेषा एकाच फाइलमध्ये सपाट होऊ लागल्यावर त्यांतला मोठा आकडा विस्मरणात गेला.

आता ‘पोस्टर लांबून बघतात’ हा आक्षेप. त्यामागे खरे गणित आहे. निरोगी डोळा शेजारशेजारचे दोन ठिपके वेगळे ओळखतो, ते त्यांच्यातले अंतर साधारण अंशाच्या साठाव्या भागाएवढे असेपर्यंत. ३० सेंटिमीटरवरून हे माप ०.०९ मिलिमीटर भरते, म्हणजे इंचाला सुमारे २९०. हातात धरलेल्या पानाला तीनशे लागतात ते यामुळेही. एक मीटरवरून तेच माप ०.२९ मिलिमीटर होते, म्हणजे इंचाला ८७. आपल्या पोस्टरवरचा एक पिक्सेल ०.३ मिलिमीटरचा आहे. तेव्हा मीटरभर अंतरावरून पाहणाऱ्याला हे चित्र जसेच्या तसे छापले तरी पुरेसे वाटायला हवे. रंगाच्या बाबतीत हे बरोबरच ठरते. रेषेच्या बाबतीत मात्र हे गणित फसते, कारण रेषा पाहताना डोळा दोन ठिपके वेगळे करत नसतो. एक रेषा किंचित सरकली आहे का, तिला पायरी आहे का, हे तो ताडत असतो, आणि या कामात त्याची नजर कितीतरी तीक्ष्ण असते. व्हर्निअर कॅलिपरवरच्या दोन खुणा जुळल्या की नाहीत हे आपण ओळखतो, ते याच क्षमतेमुळे. जेराल्ड वेस्टहायमर यांनी १९७५ मध्ये तिला ‘हायपरअॅक्युइटी’ असे नाव दिले. ही क्षमता नेहमीच्या दृष्टिमर्यादेच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत जाते. मीटरभर अंतरावर हे माप साधारण ०.०३ मिलिमीटर होते. इंचाला १२०० पिक्सेल घेतले तर एक पिक्सेल ०.०२ मिलिमीटरचा पडतो, म्हणजे छपाईचा जुना संकेत आणि डोळ्याची ही मर्यादा एकमेकांजवळ येतात. म्हणूनच लांबून पाहायच्या पोस्टरवरही तिरक्या रेषेच्या पायऱ्या खटकतात, आणि त्याच पोस्टरवरच्या आकाशाच्या निळ्या छटेत मात्र काही कमी जाणवत नाही.

चित्र मोठे करताना रेषा मऊ का पडते, याचे कारण तिच्या कडेला असते. पडद्यावरची गुळगुळीत रेषा म्हणजे मधे काळे पिक्सेल आणि दोन्ही कडांना एकेक करडा पिक्सेल. चित्र चौपट केले की सॉफ्टवेअरला नवे पिक्सेल जुन्यांच्या मधे बसवावे लागतात. रॉबर्ट कीज यांनी १९८१ मध्ये मांडलेली बायक्युबिक पद्धत असो वा लँक्झॉस, दोन्ही पद्धती काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एक उतार तयार करतात. आधी जी कड एका पिक्सेलची होती, ती आता चार-पाच करड्या पिक्सेलची होते. छपाईत या करड्या पट्टीचे ठिपके पडतात आणि रेषेची धार कुरतडल्यासारखी दिसते. त्यावर शार्पन फिल्टर लावला की उतार थोडा उभा होतो, पण रेषेच्या बाहेर पांढरी किनार उमटते. पिवळ्या किंवा आकाशी रंगावर ही किनार लगेच दिसते. फाइल चारशे टक्के मोठी करून पाहिली की तिची खात्री पटते. सगळ्यात सरळ पद्धत, म्हणजे जवळचाच पिक्सेल पुन्हा मांडणे, कड मऊ करत नाही, पण प्रत्येक वळणाला जिना बांधते. एकंदरीत या मार्गांत निवड उरते ती धूसर कड, किनारीची कड आणि पायऱ्यांची कड यांतलीच.

यातून सुटका आहे, पण त्यासाठी करड्या पिक्सेलकडे दोष म्हणून पाहणे सोडावे लागते. कडेचा पिक्सेल साठ टक्के काळा असेल, तर त्याचा अर्थ असा की खरी रेषा त्या पिक्सेलचा साठ टक्के भाग व्यापते. तो पिक्सेल कड कुठे आहे हे सांगतो, तेही पिक्सेलपेक्षा बारीक मापात. तेव्हा आधी चित्र करड्या रूपात भरपूर मोठे करावे, उतार खुशाल पडू द्यावा, आणि मग त्या उताराच्या मधोमध एकदाच कापावे: एका बाजूचे सगळे काळे, दुसऱ्या बाजूचे सगळे पांढरे. मऊपणा संपतो आणि त्याने सांगितलेली जागा हाती राहते. क्रम उलटा केला, म्हणजे लहान चित्र आधी काळे-पांढरे करून मग मोठे केले, तर ही माहिती नष्ट होते आणि पायऱ्या कायमच्या राहतात. पीटर सेलिंगर यांच्या पोट्रेस या ट्रेसिंग प्रोग्रामबरोबर `mkbitmap` नावाचे जे छोटे साधन येते, ते नेमक्या याच क्रमाने काम करते. इंकस्केपमध्ये बिटमॅप ट्रेस करतानाही बहुधा पोट्रेसच वापरला जातो.

मधोमध म्हणजे नक्की कुठे, हे मात्र चित्र कसे आले यावर ठरते. संगणकावर रंगवलेल्या चित्रात अर्ध्या झाकलेल्या पिक्सेलचे मूल्य बहुधा ० ते २५५ च्या मध्यावर, १२८ च्या आसपास असते, कारण चित्रकलेची बहुतेक सॉफ्टवेअरे आकड्यांचीच सरासरी काढतात. स्कॅनर आकड्यांची नाही, प्रकाशाची सरासरी काढतो. अर्धा काळा आणि अर्धा पांढरा भाग त्याला मिळाला, तर नेहमीच्या एसआरजीबी मापात ते मूल्य १८८ येते. कागदावर शाईने काढून स्कॅन केलेली रेषा १२८ वर कापली, तर ती दोन्ही बाजूंनी झिजते आणि बारीक टोके तुटतात. स्कॅनसाठी कापण्याची रेघ १८० ते १९० च्या दरम्यान ठेवली की जाडी जागेवर राहते. ओळखायची खूण सोपी आहे: कापलेले चित्र मूळ चित्रावर ठेवून पाहावे, सगळीकडे सारखीच करडी किनार बाहेर डोकावत असेल, तर रेषा बारीक झाली आहे.

न्यूरल नेटवर्कवर चालणारी अपस्केलिंगची साधने आल्यावर हा सगळा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. २०१५ मध्ये आलेले वायफू२एक्स खास जपानी धाटणीच्या रेषाचित्रांवर शिकवलेले होते. २०२१ मधल्या रिअल-ईएसआरगॅनचेही तशा चित्रांसाठी वेगळे मॉडेल आहे. सपाट रंग आणि एकसारख्या जाडीची रेषा असेल तर ही साधने खरोखर चांगले काम करतात. जेपीईजी दाबताना रेषेभोवती जो धुरळा जमतो तो ती पुसतात आणि कडेचा उतार उभा करतात. पण त्यांनी शिकलेली रेषा त्यांच्या नमुन्यांतली असते. बोरूची जाडी-बारीक होणारी रेषा ती एकसारखी करून टाकतात. दाट आडव्या रेघांची छाया दिली असेल, तर शेजारच्या दोन रेघा जोडून एक करतात. देवनागरी अक्षरांत अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, ‘घ’ आणि ‘ध’ मधला फरक बुजतो. चूक अशी स्वच्छ कडेची असते की दुरून ती चूक वाटतच नाही. मूळ चित्र शेजारी ठेवून डोळे, बोटे आणि रेघांच्या छाया तपासल्याशिवाय ती सापडत नाही. शिवाय निघणारे चित्र करड्या कडांचेच असते, म्हणजे कापण्याची पायरी उरतेच. मूळ फाइल जेपीईजीने खराब झालेली असेल तेव्हा साफसफाईपुरते हे साधन घ्यावे. स्वच्छ पीएनजी असेल तर त्याच्यावाचून अडत नाही. अक्षरे मात्र कोणत्याही पद्धतीने मोठी करू नयेत. ती चित्रातून काढून टाकावीत आणि पोस्टरच्या मांडणीत फाँटने नव्याने बसवावीत.

आता आपले १५३६ बाय २०४८ चे चित्र घेऊ. त्यातली रेषा तीन-चार पिक्सेल जाडीची आहे आणि रेषा व रंग एकाच थरात मिसळले आहेत. चित्रकाराकडे थर वेगळे असलेली मूळ फाइल असेल तर ती मागून घ्यावी. निम्मे काम तिथेच वाचते. नसेल तर आधी रंगातून रेषा काढावी लागते. तीन पिक्सेल त्रिज्येचे ‘क्लोज’ नावाचे गणित चित्रावर चालवले, की सात पिक्सेलपेक्षा बारीक अशी प्रत्येक गडद गोष्ट आजूबाजूच्या रंगाने भरून निघते आणि मोठे आकार जागच्या जागी राहतात. हा झाला रंगाचा थर. मग गिंपमध्ये मूळ चित्र खाली आणि हा थर वर, दोन्ही करडे करून ठेवावेत आणि वरच्या थराला ‘डिव्हाइड’ मोड द्यावा. कडेचा पिक्सेल म्हणजे त्या जागचा रंग गुणिले रेषेने न झाकलेला भाग. त्याला रंगाने भागले की उरतो तो फक्त न झाकलेला भाग. त्यामुळे लाल साडीवरची आणि पिवळ्या भिंतीवरची रेषा पांढऱ्यावर सारख्याच काळेपणाने उभी राहते. ही पायरी गाळून सरळ मूळ चित्रच मध्यावर कापले, तर गडद लाल रंग सगळाच्या सगळा काळा होतो. काळे केस किंवा काळी छत्री असे मोठे भरीव काळे आकार मात्र ‘क्लोज’मधून रंगाच्या थरातच राहतात, ते निवडून हाताने रेषेच्या थरात आणावे लागतात. त्यानंतर चौपट करणे, कापणे आणि ट्रेस करणे. खालची पहिली ओळ वर सांगितलेल्या ‘क्लोज’ची आहे, पुढच्या दोन आज्ञा भागाकारानंतरच्या:

```
magick mool.png -morphology Close Disk:3 rang.png
magick rekha.png -colorspace Gray -filter Mitchell \
  -resize 400% -threshold 50% rekha.pbm
potrace -s -t 8 rekha.pbm -o rekha.svg
```

इथे `mool.png` हे मूळ चित्र, `rang.png` हा रंगाचा थर आणि `rekha.png` हा भागाकारातून निघालेला रेषेचा थर. `-t 8` मुळे आठ पिक्सेलपर्यंतचे सुटे डाग गळून पडतात; चित्रात मुद्दाम दिलेले बारीक ठिपके असतील तर हा आकडा कमी करावा. निघालेली रेषा व्हेक्टर असल्यामुळे ती यंत्राच्या पूर्ण बारकाईने उमटते. रंगाचा थर साध्या बायक्युबिकने ३६०० बाय ४८०० वर न्यावा, म्हणजे इंचाला २०० पिक्सेल. तो थोडा मऊ होईल आणि ते चालेल, कारण त्याच्या कडा रेषेखाली झाकल्या जाणार आहेत. फाइलच्या वजनाचा हिशेबही याच बाजूने आहे. अख्खे पोस्टर चार रंगांत इंचाला १२०० ने ठेवले तर न दाबलेली फाइल जवळजवळ अडीच जीबीची होते. रंग वेगळा २०० ने ठेवला तर तो ७० एमबीच्या आत राहतो आणि व्हेक्टर रेषेचे वजन त्यापुढे नगण्य असते.

रेषा वेगळी केल्याचा दुसरा फायदा मशीनवर दिसतो. आरजीबीतला काळा छपाईच्या चार रंगांत बदलला की तो सहसा चारही शायांचा बनतो. कागद मशीनवर मिलिमीटरच्या दहाव्या भागाने जरी सरकला, तरी अशा रेषेच्या एका बाजूला निळसर आणि दुसऱ्या बाजूला लालसर सावली दिसते. रजिस्टर हलले, असे छापखान्यात म्हणतात ते हेच. फाइलमध्ये धारदार असलेली रेषा कागदावर मऊ दिसण्याचे हे फार मोठे कारण आहे, आणि पिक्सेल कितीही वाढवले तरी ते दूर होत नाही. वेगळी रेषा फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के आणि ओव्हरप्रिंट ठेवता येते. तिच्याखाली रंग आधीच पसरलेला असल्यामुळे कागद सरकला तरी मधे पांढरी फट पडत नाही. ही युक्ती नवी नाही. जपानी लाकडी ठशांत रेषेचा मुख्य ठसा वेगळा असे आणि प्रत्येक रंगाचा वेगळा. टिनटिनच्या पुस्तकांत काळी रेषा पारदर्शक फिल्मवर असे आणि रंग तीच रेषा फिकट छापलेल्या वेगळ्या कागदावर भरत. त्या कारागिरांपुढे पिक्सेलचा प्रश्न नव्हता, पण रेषा आणि रंग यांना एकच नियम लावता येत नाही हे त्यांनी ओळखले होते.

या मार्गाच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. पेन्सिल, कोळसा, सुका ब्रश यांच्या रेषेत करडेपणा हा कडेचा तपशील नसतो, ती रेषाच करडी असते. ती कापली की रेषेचा जीव जातो. अशा चित्रात रेषा आणि रंग वेगळे करण्याच्या भानगडीत न पडता सगळे चित्र इंचाला ३०० ते ४०० वर न्यावे, आणि मूळ कागद उपलब्ध असेल तर मोठे करण्याऐवजी जास्त रिझोल्यूशनवर पुन्हा स्कॅन करावा. वारली चित्र हा आणखी वेगळा प्रकार आहे. तिथे गेरूच्या भिंतीवर बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठाची पांढरी रेषा ओढलेली असते आणि तिची कड खडबडीत असते. ट्रेसिंगने ती कड गुळगुळीत होते आणि चित्र सरकारी कार्यालयातल्या स्टिकरसारखे दिसू लागते. तेव्हा ट्रेस न करता इंचाला १२०० ची काळी-पांढरी बिटमॅप ठेवावी; खडबडीतपणा तिच्यात टिकतो. शिवाय छापताना ही पांढरी रेषा म्हणजे न छापलेला कागद असतो. गेरूचा रंग दोन-तीन शायांचा असल्यामुळे रजिस्टर हलले की पांढरी रेषा बाजूने भरत जाते, आणि शाई पसरते तीही आतल्या बाजूला. म्हणून अशी रेषा पोस्टरवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक न ठेवलेली बरी.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे: छापखाना सपाट जेपीईजीच मागतो, मग रेषा वेगळी ठेवून काय उपयोग? ऑफसेटवाल्याला आणि चांगल्या डिजिटल छापखान्याला दोन्ही थर असलेली पीडीएफ चालते. ती आधी देऊन पाहावी. सपाट फाइलच द्यायची असेल, तर व्हेक्टर रेषा आणि रंग एकत्र करून इंचाला ६०० वर सपाट करावे. लहान चित्र थेट ओढून मोठे केलेल्या फाइलपेक्षा तिची कड कितीतरी बरी असते. मोठ्या फ्लेक्ससाठी इंचाला १०० पिक्सेलची फाइल सहसा पुरते. मशीनवर लिहिलेले ७२० किंवा १४४० हे शाईच्या थेंबांचे आकडे असतात. तितके पिक्सेल फाइलमध्ये हवेत असा त्याचा अर्थ नाही. आणि फाइलच्या माहितीत ७२ खोडून ३०० लिहिल्याने चित्रात एकही पिक्सेल वाढत नाही, फक्त छापायचे माप लहान होते.

निर्णय करायला पडदा अपुरा आहे. पोस्टरचा सगळ्यात नाजूक भाग, चेहरा किंवा रेघांची छाया, ए-४ कागदावर शंभर टक्के मापात लेझर प्रिंटरवर छापावा. ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद आहे ना, ते पाहून घ्यावे. तो कागद भिंतीला लावून आधी पोस्टर ज्या अंतरावरून बघितले जाईल तिथून पाहावा, मग भिंगाने. लांबून पायऱ्या दिसल्या तर कापण्याआधी चित्र पुरेसे मोठे झालेले नाही. भिंगाखाली रेषेच्या कडेला ठिपके दिसले तर रेषा अजून करडीच आहे. रंगीत सावल्या तपासायच्या त्या मात्र मशीनवरून निघालेल्या पहिल्या कागदावर, आणि तिथे त्या दिसल्या तर रेषा चार शायांत गेली आहे. तिन्ही दोषांना वरवर एकच नाव मिळते, ‘रिझोल्यूशन कमी पडले’. त्यांतल्या पहिल्यालाच जास्त पिक्सेल हे उत्तर आहे.